जंतुनाशक की अँटिसेप्टिक? डब्यावरचा आकडा आणि बादलीतलं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्याजवळ माझी सूक्ष्मजीवशास्त्राची छोटी लॅब आहे. आसपासच्या नर्सिंग होमच्या सिस्टर, ऐरोली-रबाळ्याच्या कँटीनचे ठेकेदार, पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या ताई, सगळे फिनेलचा कॅन किंवा त्याचा फोटो घेऊन येतात आणि विचारतात, "हे चांगलं का?" नुसता कॅन बघून या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. ते का देता येत नाही आणि मग काय बघायचं, हे इथे लिहिलं आहे. प्रश्न लोकांनी विचारलेलेच आहेत.

अँटिसेप्टिक आणि जंतुनाशक यांत नेमका फरक काय? दोन्ही जंतूच मारतात ना?

दोन्ही जंतूच मारतात, पण एक जिवंत कातडीवर लावायचं असतं आणि दुसरं लादी, पलंग, ओटा, बेसिन अशा निर्जीव पृष्ठभागावर. कातडीवर लावायच्या औषधाला एक जास्तीची अट पाळावी लागते: जंतू मेले पाहिजेत आणि पेशी वाचल्या पाहिजेत. या अटीमुळे त्याची ताकद, प्रमाण आणि सोबतचे घटक बांधलेले असतात. लादीला भाजत नाही, म्हणून तिथे जास्त जहाल रसायन चालतं.

रसायन मात्र कधीकधी एकच असतं. जोसेफ लिस्टरने १८६५ मध्ये ग्लासगोला जखमेवर कार्बोलिक आम्ल, म्हणजेच फिनॉल, वापरलं. जखमा सडायच्या कमी झाल्या, पण कातडी भाजायची आणि सर्जनचे हात पांढरे पडून सोलायचे. तेच फिनॉल पुढे कातडीवरून उतरलं आणि त्याचे भाऊबंद लादीवर स्थिरावले. आपलं काळं फिनेल हे त्याच घराण्यातलं, कोळशाच्या डांबरापासून काढलेलं. स्पिरिट दोन्हीकडे चालतं. क्लोरहेक्सिडीन आणि पोव्हिडोन आयोडीन कातडीसाठी, हायपो, म्हणजे क्लोरीनचं ब्लीच, लादीसाठी.

उलटा वापर दोन्ही बाजूंनी चुकतो. फिनेलच्या पाण्याने जखम धुणारे आता फारसे दिसत नाहीत, पण लादीच्या बादलीत अँटिसेप्टिकचं एक झाकण टाकणारी घरं या शहरात हजारोंनी असतील. गणित करून बघा. तपकिरी बाटलीतल्या त्या द्रवात क्लोरोझायलेनॉल साधारण ४.८ टक्के असतं. दहा मिलीचं झाकण दहा लिटरच्या बादलीत पडलं की ते हजार पट पातळ होतं आणि उरतं ०.००४८ टक्के. पाणी दुधाळ होतं, घरभर दवाखान्यासारखा वास येतो, आणि लादीवरच्या जंतूंना त्याचा काही त्रास होत नाही.

कॅनवर "आर. डब्ल्यू. कोएफिशंट ५" असं लिहिलंय. हे काय आहे?

हा रिडील-वॉकर गुणांक. सॅम्युएल रिडील आणि एन्स्ली वॉकर या दोन इंग्लिश रसायनशास्त्रज्ञांनी १९०३ मध्ये तो बसवला. तेव्हा बाजारात शेकडो जंतुनाशकं होती, प्रत्येकाचा दावा वेगळा, आणि ताकद मोजायला एक माप नव्हतं. त्यांनी शुद्ध फिनॉललाच माप ठरवलं.

एका रांगेत फिनॉलच्या वेगवेगळ्या पातळ द्रावणांच्या नळ्या लावायच्या, दुसऱ्या रांगेत तपासायच्या द्रवाच्या. प्रत्येक नळीत टायफॉइडच्या जंतूंची सारखी मात्रा टाकायची. मग अडीच, पाच, साडेसात आणि दहा मिनिटांनी प्रत्येक नळीतून तारेच्या कडीने थेंब उचलून ताज्या मांसरसात सोडायचा आणि तो गढुळतो का ते बघायचं. गढुळला म्हणजे जंतू जिवंत आहेत. ज्या द्रावणात पाच मिनिटांनी जंतू जिवंत आणि साडेसात मिनिटांनी मेलेले, ते द्रावण निवडायचं.

समजा फिनॉलचं असं द्रावण निघालं शंभरात एक, आणि तुमच्या फिनेलचं निघालं पाचशेत एक. पाचशे भागिले शंभर, म्हणजे गुणांक ५. तुमचं फिनेल पाचपट जास्त पाणी घालूनही फिनॉलइतकंच काम करतं, असा त्याचा अर्थ.

एकाच जातीच्या दोन कॅनची किंमत तोलायला हा आकडा खरोखर उपयोगी आहे. जुना अंदाज असा, की गुणांकाला वीसने गुणायचं आणि एक भाग फिनेलला तितके भाग पाणी घ्यायचं, म्हणजे पाच टक्के फिनॉलच्या तोडीचं द्रावण मिळतं. गुणांक ५ असेल तर शंभरात एक, म्हणजे दहा लिटरच्या बादलीला १०० मिली. गुणांक १८ असेल तर ३६० भागांत एक, म्हणजे बादलीला साधारण २८ मिली. निम्म्या किमतीत मिळणारा ५ चा कॅन साडेतीन पट लागतो, तेव्हा तो स्वस्त पडत नाही. खरेदी करणाऱ्याने एवढा हिशेब जरूर करावा.

मग ज्याचा आकडा मोठा, ते वॉर्डात वापरायचं, एवढंच ना?

नाही. नर्सिंग होमच्या खरेदीत सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच आहे. आकडा कशावर मोजला ते आठवा: टायफॉइडचा एकच जंतू, तोही नळीतल्या स्वच्छ पाण्यात. वॉर्डातल्या पलंगाच्या कठड्यावर टायफॉइडचा जंतू क्वचितच असतो. तिथे असतो स्टॅफिलोकॉकस, बेसिनच्या जाळीत असतो स्यूडोमोनास, आणि सगळ्यावर घाम, रक्त, पू, धूळ यांचा थर.

पांढरं फिनेल घ्या. यातलं बरंचसं पाइन तेलावर बनतं. पाइन तेल टायफॉइडच्या जंतूवर चांगलं चालतं, त्यामुळे त्याचा गुणांक तीन-चार-पाच असा व्यवस्थित येतो. स्टॅफिलोकॉकसवर मात्र ते जवळजवळ काहीच करत नाही. कॅनवरचा आकडा खोटा नसतो, तो दुसऱ्याच जंतूबद्दल बोलत असतो. पुढच्या काळात चाचण्यांमध्ये स्टॅफिलोकॉकस आणि स्यूडोमोनास यांचाही समावेश झाला तो यामुळेच.

दुसरी उणीव घाणीची. ती हॅरिएट चिक आणि चार्ल्स मार्टिन यांनी १९०८ मध्येच दाखवून दिली. त्यांनी नळीत जंतूंबरोबर वाळवलेली विष्ठा मिसळली आणि वेळ अर्ध्या तासाची धरली. स्वच्छ पाण्यात जोरदार आकडा देणारी काही रसायनं विष्ठेसमोर ढेपाळली. काळ्या फिनेलवर घाणीचा परिणाम होतो, पण बेताचा. क्लोरीनवर फार होतो, कारण क्लोरीन जंतू शोधत नाही, जे पहिलं सेंद्रिय सापडेल त्याच्यावर खर्च होतं. रक्ताच्या डागावर हायपो ओतलं की ते आधी रक्तावर संपतं.

"९९.९% जंतू मारतो" यावर किती विश्वास ठेवायचा?

हे वाक्य खरं असू शकतं, पण वाटते तितकी ताकद त्यात नसते. दहा लाख जंतूंपैकी ९९.९ टक्के मेले तरी हजार उरतात. युरोपात स्वयंपाकघर-कारखान्यांच्या जंतुनाशकांसाठी जी प्रमाणित नळी-चाचणी आहे, तिच्यात पाच मिनिटांत जंतू एक लाख पट कमी व्हावे लागतात, म्हणजे दहा लाखांतले दहाच उरायला हवेत. लेबलवर टक्क्यांशेजारी किती मिनिटांत, किती पातळ केल्यावर आणि कोणत्या जंतूवर हे तीन तपशील नसतील तर तो टक्का बाजूला ठेवा.

मावशी बादलीत पाणी थोडं जास्त घालतात. दुप्पट पातळ झालं तर ताकद निम्मी होते ना?

सगळ्यांचं असं होत नाही, आणि या प्रश्नाला मी मुद्दाम वेळ देते. पातळ केल्यावर जंतू मरायला किती जास्त वेळ लागतो, ते प्रत्येक रसायनाचं वेगळं असतं. त्याला एक घातांक असतो. क्लोरीन आणि क्वाट, म्हणजे चतुर्थक अमोनियम संयुगं, यांचा घातांक साधारण एक. द्रावण निम्मं पातळ केलं तर वेळ दुप्पट लागतो. दहा मिनिटांची वीस मिनिटं. फार बिघडत नाही.

फिनॉलचा घातांक सहाच्या आसपास आहे. निम्मं पातळ केलं की वेळ दोनाच्या सहाव्या घाताने वाढतो, म्हणजे ६४ पट. दहा मिनिटांचं काम ६४० मिनिटांवर जातं. साडेदहा तास लादी ओली राहणार आहे का? राहत नाही, म्हणून ते फिनेल त्या दिवशी निव्वळ वासाचं पाणी होतं. स्पिरिटचा घातांक दहाच्या घरात. ७० टक्क्यांचं ३५ टक्के केलं की वेळ हजारपटीच्या वर जातो. इथे थोडं कमी चालेल असं काही नसतंच. स्पिरिट उलट ९९ टक्के घेऊनही चांगलं चालत नाही. जंतूमधली प्रथिनं गोठायला थोडं पाणी लागतं, म्हणून ६० ते ८० टक्के हाच पट्टा.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की काळं फिनेल वापरत असाल तर मोजपात्र लागतंच. अंदाजाने धार सोडणाऱ्या हातात फिनेल देऊ नका. माझ्या ओळखीच्या एका सिस्टरनी बादलीच्या आत दहा लिटरवर ऑइलपेंटची लाल रेघ मारली आणि कॅनच्या मुठीला दोरीने १०० मिलीचा प्लास्टिकचा पेला बांधला. रेघेपर्यंत पाणी, पेलाभर फिनेल. मावशींना टक्के शिकवायची गरज उरली नाही.

हायपो किती घालायचं? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

वेगळं सांगतात कारण बाटल्याच वेगळ्या असतात. सोडियम हायपोक्लोराइट बाजारात चार-पाच टक्क्यांचंही मिळतं आणि दहा टक्क्यांचंही. आधी लेबल वाचा. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांतले भाग. पाच टक्के असेल तर त्याचे ५०,००० पीपीएम होतात, आणि पुढचं सगळं भागाकारानं सुटतं.

कठडे, लॉकर, बाथरूम यांसाठी १,००० पीपीएम पुरतात. पन्नासात एक, म्हणजे एकूण दहा लिटरला २०० मिली. सांडलेल्या रक्तासाठी एक टक्का, म्हणजे १०,००० पीपीएम हवेत: एक भाग हायपो, चार भाग पाणी, आणि दहा मिनिटं थांबायचं. स्वयंपाकघरातल्या धुतलेल्या भांड्यांना आणि पाटांना १०० पीपीएम, म्हणजे दहा लिटरला फक्त २० मिली.

आता खरी अडचण. हायपो बाटलीतच मरतं. ऊन आणि उष्णता त्याला झपाट्याने संपवतात. ठाण्यात एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत कॅन ठेवणारी ठिकाणं मी पाहिली आहेत. अशाच एका कॅनमधला नमुना मी तपासला. लेबलवर पाच टक्के, आत तीन. मग २०० मिली घालूनही बादलीत १,००० च्या जागी ६०० पीपीएमच झाले. लेबल वाचणाऱ्याची काहीच चूक नव्हती. म्हणून छोटे कॅन घ्या, तयार केल्याची तारीख बघा, अपारदर्शक डब्यात आणि तळमजल्यावरच्या थंड अंधाऱ्या जागी ठेवा. पातळ केलेलं द्रावण रोज नवं करा. क्लोरीन मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात. बादलीत बुडवून रंग जुळवला की अर्ध्या मिनिटात कळतं.

आमच्या वॉर्डात रोज फिनेल होतं, तरी पोछ्याला आंबूस वास येतो. काय चुकतंय?

हा प्रश्न ठाण्यातल्या अठरा खाटांच्या एका नर्सिंग होमच्या मेट्रनने विचारला होता. तिथे जे निघालं ते सविस्तर सांगते, कारण तेच थोड्याफार फरकाने सगळीकडे निघतं.

मी सकाळी साडेअकराला गेले. पहिली फेरी संपत आली होती. बादलीतलं पाणी राखाडी, वर हलकासा तवंग, वास मात्र झकास पाइनचा. त्या वापरातल्या पाण्याचा एक मिली मी नऊ मिली विरलद्रवात घेतला. यात जंतुनाशकाचा असर तोडणारं रसायन घालावं लागतं, नाहीतर ते जंतू वाढवायच्या प्लेटवरही त्यांना दाबून ठेवतं आणि आपल्याला खोटा दिलासा मिळतो. मग दोन प्लेटवर प्रत्येकी दहा थेंब टाकले, थेंब ०.०२ मिलीचा. एक प्लेट ३७ अंशांवर तीन दिवस, दुसरी खोलीच्या तापमानाला सात दिवस. नियम साधा आहे: कुठल्याही एका प्लेटवर पाचांपेक्षा जास्त थेंबांत वाढ झाली, तर ते जंतुनाशक त्या जागी, त्या पद्धतीने वापरताना नापास. केल्सी आणि मॉरर यांनी १९६६ मध्ये ही चाचणी दिली. मला ती गुणांकापेक्षा फार जवळची वाटते, कारण ती कॅन तपासत नाही, तुमची बादली तपासते.

तिथे ३७ अंशांच्या प्लेटवर सात थेंब उगवले आणि खोलीतल्या प्लेटवर नऊ. त्यांतले बरेच हिरवट, गोडसर वासाचे: स्यूडोमोनास. म्हणजे पोछा लादीवर जंतू पसरवत होता, खोली नंबर एकमधले सातपर्यंत नेत होता.

कारणं एकावर एक बसलेली होती. फिनेल पांढरं, पाइनचं. मात्रा अंदाजाने. एकाच बादलीत साबणाची पावडर, फिनेल आणि अख्ख्या मजल्याची घाण. आणि सगळ्यात वाईट, दुपारी काम संपलं की पोछा त्याच बादलीत बुडवून ठेवलेला, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. आमच्या दमट हवेत ओला पोछा म्हणजे जंतूंची रात्रशाळाच. पावसाळ्यात तर तो वाळतच नाही.

बदल असे केले. बादल्या दोन केल्या. आधी साबणाचं पाणी, पोछा साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा, मगच जंतुनाशक. पाणी दर तीन खोल्यांनंतर बदलायचं, आणि गढूळ दिसलं तर त्याआधीच. पोछ्याची डोकी काढता येतील अशी घेतली, रोज गरम पाण्यात धुऊन उन्हात, आणि जून ते सप्टेंबर पंख्याखाली वाळवायची. डोकी दुप्पट घेतली, म्हणजे ओलं वापरायची वेळ येत नाही.

रसायन निवडताना आम्ही वॉर्डाचे भाग पाडले. चालायच्या वाटेला कातडी लागत नाही, तिथे साबणाने नीट घासणं हेच मुख्य काम आणि मोजून घेतलेलं काळं फिनेल पुरेसं. पलंगाचे कठडे, लॉकर, बेलचं बटण, दाराची मूठ, सलाइनचा स्टँड यांना दिवसभर हात लागतात. तिथे आधी पुसून मग १,००० पीपीएम हायपो, आणि स्टीलवर दहा मिनिटांनी साध्या पाण्याचा फडका, नाहीतर गंज चढतो. हायपोचा वास सोसत नाही अशा दम्याच्या रुग्णांच्या खोलीत क्वाटचं द्रावण. रक्त सांडलं तर शोषकागद टाकून त्यावर एक टक्का हायपो, दहा मिनिटं, उचलायचं आणि जागा पुन्हा पुसायची. लघवीवर मात्र हायपो थेट ओतायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो. आधी लघवी टिपून घ्यायची, मग पुसायचं.

पंधरा दिवसांनी पुन्हा तोच नमुना, तीच साडेअकराची वेळ: दोन्ही प्लेट रिकाम्या. ऑगस्टमध्ये परत घेतला तेव्हा खोलीतल्या प्लेटवर तीन थेंब उगवले. पास, पण का ते बघितलं. पंखा बिघडला होता आणि चार दिवस डोकी ओलीच वापरली होती.

बिनवासाचं, महागडं क्वाट घेतलं तर सगळं सुटेल का?

काही अडचणी सुटतात. वास नाही, गंज नाही, हातांना सौम्य. पण क्वाट धनभारित असतं आणि साबण ऋणभारित. दोन्ही भेटले की एकमेकांना बांधून टाकतात. साबणाने पुसलेला कठडा साध्या पाण्याने न पुसता त्यावर क्वाट मारलं, तर बरंचसं वाया जातं. सुती फडकाही क्वाट शोषून घेतो, म्हणून त्यासाठी मायक्रोफायबर किंवा पुरवठादाराने सांगितलेलं कापड वापरा. पाण्याच्या कठीणपणानेही ते मंदावतं. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी मृदू असतं, तिथे हा प्रश्न फारसा येत नाही. घोडबंदर रोडला बोअरवेलच्या टँकरवर चालणाऱ्या जागी येतो. आणि जंतूंच्या बीजाणूंवर, म्हणजे जाड कवच धरून बसलेल्या रूपावर, क्वाट, स्पिरिट, फिनेल, क्लोरहेक्सिडीन यांपैकी कशाचाच भरवसा धरता येत नाही. अतिसाराच्या काही रुग्णांमागे बीजाणू करणारा जंतू असतो. त्या खोलीला इथे सांगितलेल्या रसायनांपैकी ताज्या हायपोशिवाय पर्याय नाही, आणि मात्रा नेहमीपेक्षा बरीच जास्त ठेवावी लागते, तुमच्या डॉक्टरांना विचारून.

कापसाच्या बोळ्यांची बरणी संपत आली की आम्ही वरून अँटिसेप्टिक ओततो. चालतं ना?

कृपा करून हे आजच थांबवा. पातळ केलेल्या क्लोरहेक्सिडीन-सेट्रिमाइडमध्ये स्यूडोमोनास आणि बुर्खोल्डेरिया जगू शकतात, वाढूही शकतात. कापूस औषध शोषून घेतो, द्रव आणखी दुबळा होतो, आणि तळाशी जुनी पिढी कायम राहते. मग तोच बोळा आपण जखमेवर फिरवतो. बरणी पूर्ण रिकामी करा, धुवा, ऑटोक्लेव्ह करा, वाळवा आणि मगच भरा. बुचाच्या आत गोल कागद किंवा कॉर्क असेल तर तो काढून टाका, जंतू तिथे दडतात.

चादरींवर तपकिरी डाग पडतात, धुऊनही जात नाहीत. रक्ताचे आहेत का?

बहुतेक नाहीत. चादरीला क्लोरहेक्सिडीन लागलेलं असतं आणि धोबी ब्लीच घालतो. दोन्ही मिळून तपकिरी रंग पक्का होतो. त्या चादरींना क्लोरीनऐवजी ऑक्सिजन ब्लीच वापरायला सांगा.

स्वयंपाकघरात काळं फिनेल का नको? लादीवरच तर टाकतो.

ऐरोलीत डबे पुरवणाऱ्या एका ताईंनी मला फोन केला. सकाळच्या चहाला औषधासारखी चव येते, डब्यांची तक्रार आहे, दूध बदललं, चहापत्ती बदलली, तरी तीच चव. मी गेले तेव्हा ओट्याखाली फिनेलचा कॅन होता आणि पिण्याच्या पाण्याचं पिंप त्याच्या शेजारी. रात्री लादी फिनेलने पुसायची, आणि तोच फडका पिंपाच्या झाकणावरून फिरायचा.

नळाच्या पाण्यात थोडं क्लोरीन असतंच. फिनॉल आणि क्लोरीन एकत्र आले की क्लोरोफिनॉल होतं, आणि त्याची चव जिभेला अब्जांशाच्या मात्रेतही कळते. म्हणून दूध बदलून काही होत नव्हतं. कॅन बाहेर गेला, पिंप घासून धुतलं, आणि चव गेली. लोणी, खोबरं, पीठ हे तर नुसता वासही ओढून घेतात.

स्वयंपाकघरात माझी निवड ठरलेली आहे. आधी चिकटपणा काढायचा, कारण तेलकट पाटावर कुठलंच जंतुनाशक आत पोचत नाही. साबण, घासणी, वाहतं पाणी. मग एक तर उकळतं पाणी, नाहीतर १०० पीपीएम हायपोत दोन मिनिटं. भांडी बुडवायची असतील तर ७७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट पुरतो. त्यात हात घालता येत नाही, तेव्हा जाळीची टोपली लागते. नंतर फडक्याने पुसू नका, तिरकं उभं करून वाळू द्या. दिवसभर हाताळलेला फडका हीच ओट्यावरची सगळ्यात मळकट वस्तू असते, तो रोज रात्री दहा मिनिटं उकळा. चिकन-मासे कापायचा पाट वेगळा ठेवा, आणि त्याच्यात सुरीच्या खोल चिरा पडल्या की टाकून द्या. चिरेतल्या चरबीपर्यंत हायपो जात नाही.

वाशीच्या एपीएमसी मार्केटातून आणलेली पालेभाजी आधी दोन पाण्यांत धुऊन माती काढा, मग ५० पीपीएममध्ये, म्हणजे दहा लिटरला दहा मिली, थोडा वेळ बुडवून पुन्हा पिण्याच्या पाण्यात धुवा. यासाठी सुगंधी किंवा साबण मिसळलेलं ब्लीच कधीच घेऊ नका. आणि अँटिसेप्टिकचे थेंब भाजीच्या पाण्यात टाकू नका, ते खाण्यासाठी नाही.

दोन जंतुनाशकं एकत्र केली तर जास्त जोर येईल का?

येत नाही, आणि अपघात होतो. हायपो आणि संडास साफ करायचं आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. हायपो आणि अमोनियाचं काच-क्लीनर यांनी क्लोरामाइन होतं. बंद बाथरूममध्ये दोन्ही जीवघेणे ठरू शकतात. आम्ल टाकलं असेल तर भरपूर पाणी ओतून, फ्लश करून, दार उघडं ठेवून मगच हायपो घ्या. डोळे चुरचुरले, खोकला आला, तर बाटली तिथेच सोडून बाहेर पडा.

आमची बादली तपासायची आहे. नमुना कसा आणायचा?

लॅबमधून निर्जंतुक बाटली घेऊन जा. नमुना ताज्या बादलीचा घेऊ नका, फेरीच्या शेवटी घ्या, पाणी मळल्यावर. पोछा पिळून त्यातलं पाणीही त्याच बाटलीत घेतलंत तर उत्तम. बाटलीवर तीन गोष्टी लिहा: रसायनाचं नाव जसं लेबलवर आहे तसं, बादलीत किती घातलं, आणि नमुना घेतल्याची वेळ. रसायन कोणतं हे कळल्याशिवाय त्याचा असर तोडणारं द्रव्य निवडता येत नाही. क्लोरीनला थायोसल्फेट लागतं, क्वाटला लेसिथिन आणि ट्वीन. नमुना तासाभरात पोचवा, कारण बाटलीत जंतू मरतही राहतात आणि वाढतही. निकालाला सात दिवस लागतात. तोपर्यंत पोछा बादलीबाहेर वाळत ठेवा.